घराच्या दुरुस्तीचा गँट चार्ट: कोणतं काम कशामुळे अडतं, ते आधीच दिसावं म्हणून

घराची दुरुस्ती काढली की प्रत्येक कारागीर आपापल्या कामाचे दिवस सांगतो. वायरमन म्हणतो पाच दिवस, प्लंबर म्हणतो चार, रंगारी म्हणतो दहा-अकरा. कुणी खोटं बोलत नाही. पण गिलाव्याला पाणी मारायचे दिवस, भिंत वाळायचे दिवस, बाथरूममध्ये पाणी साठवून बघायचे दिवस यांतलं कुणीच काही सांगत नाही, कारण त्या दिवसांत कुणाचीच हजेरी लागत नाही. घरमालकाचा हिशेब चुकतो तो इथे.

मी सोलापुरात घरदुरुस्तीच्या कामांवर देखरेख करतो. कामाला हात लावण्याआधी मी गूगल शीट्समध्ये गँट चार्ट करतो. डावीकडे कामांची यादी, वर तारखा आणि प्रत्येक कामापुढे त्याच्या दिवसांएवढी आडवी पट्टी, एवढंच त्याचं रूप. हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे तक्ते रूढ केले. नुसत्या पट्ट्यांमधून कोणतं काम कशावर अवलंबून आहे ते मात्र कळत नाही. ती जोड १९५७ च्या सुमारास मिळाली. ड्यूपाँट कंपनीच्या कारखान्यांच्या कामांसाठी मॉर्गन वॉकर आणि जेम्स केली यांनी क्रिटिकल पाथची पद्धत तयार केली. कामांची जी साखळी एका दिवसाने लांबली तर घराचा ताबाही एका दिवसाने लांबतो, ती साखळी म्हणजे क्रिटिकल पाथ. आपल्याला पट्ट्याही हव्यात आणि त्यांतली ही साखळी लाल रंगात वेगळी दिसायलाही हवी.

उदाहरणाचं घर

जुळे सोलापुरातलं एक बैठं घर घेऊ. हॉल, एक बेडरूम, स्वयंपाकघर आणि बाथरूम. बाथरूमची ओल हॉलच्या भिंतीत उतरली आहे, वायरिंग जुनं झालं आहे, ओटा बदलायचा आहे आणि शेवटी सगळ्या घराला रंग द्यायचा आहे. शहाबादी फरशी चांगली आहे, ती तशीच ठेवायची. घरची मंडळी तेवढे दिवस नातेवाइकांकडे राहणार आहेत. गड्ड्याच्या यात्रेचे मुख्य दिवस उरकले की २० जानेवारीला काम सुरू करायचं आणि पाडव्याच्या आत परत राहायला यायचं, असा बेत आहे.

कामांची यादी करताना माझा एक नियम आहे. ज्या दिवसांत फक्त थांबायचं असतं, त्या दिवसांनाही यादीत स्वतंत्र ओळ द्यायची. "गिलावा, अकरा दिवस" असं एकत्र लिहिलं तर त्यातले चार दिवस गवंड्याचे आणि सात दिवस पाण्याचे, हे कुणालाच दिसत नाही. दिवस मोजताना आठवड्याची सुट्टीही आतच धरायची, म्हणजे वेगळा हिशेब नको.

| क्र. | काम | दिवस | आधी संपायला हवं |
|---|---|---|---|
| १ | तोडफोड, राडारोडा उचलणे | ५ | – |
| २ | टाइल्स पसंत करणे, माल घरी येणे | १२ | – |
| ३ | झिऱ्या मारणे, वायरिंगच्या नळ्या | ५ | १ |
| ४ | पाण्याची आणि ड्रेनेजची लाइन, टेस्ट | ४ | १ |
| ५ | झिऱ्या बुजवणे, गिलावा | ४ | ३, ४ |
| ६ | गिलाव्याला पाणी मारणे | ७ | ५ |
| ७ | बाथरूमचं वॉटरप्रूफिंग | ३ | ६ |
| ८ | कोट वाळणे, पाणी साठवून टेस्ट | ५ | ७ |
| ९ | ओटा | ३ | ६ |
| १० | स्वयंपाकघरातल्या टाइल्स | २ | २, ९ |
| ११ | बाथरूमच्या टाइल्स, ग्राउट | ६ | २, ८, १० |
| १२ | नळ, कमोड, इतर फिटिंग | २ | ११ |
| १३ | गिलावा वाळणे | २१ | ६ |
| १४ | पुट्टी, प्रायमर | ६ | १३ |
| १५ | रंग | ५ | ११, १४ |
| १६ | वायर ओढणे, स्विच, दिवे, पंखे | २ | १५ |
| १७ | सफाई | १ | १२, १६ |

या तक्त्यात शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तो भरताना प्रत्येक कामासाठी एकच प्रश्न विचारायचा: "हे काम उद्याच सुरू केलं तर काय बिघडेल?" काही बिघडत असेल तर त्या दोन कामांत जोड आहे. काहीच बिघडत नसेल तर जोड नाही, मग ती कामं एकामागून एक करायची सवय कितीही जुनी असो.

चौथ्या आणि पाचव्या कामातली जोड बघा. प्लंबरने भिंतीतला पाइप टाकला की गवंडी लगेच विचारतो, "पाइप टाकून झालाय की ओ मालक, बुजवून टाकू का?" तेव्हा नाही म्हणायचं. सीपीव्हीसी पाइपचे सांधे ज्या सोल्युशनने चिकटवतात ते पक्कं व्हायला वेळ लागतो, साधारण एक दिवस सोडावा. मग सगळी तोंडं बंद करून लाइनमध्ये पाणी भरायचं, हातपंपाने दाब द्यायचा आणि गेजचा काटा कुठे आहे ते लिहून ठेवायचं. तास-दोन तासांनी काटा तिथेच असेल तर झिऱ्या बुजवायला हरकत नाही. काटा खाली आला असेल तर कुठला तरी सांधा झिरपतोय, आणि तो आत्ता उघड्या भिंतीत सापडतो. टाइल्स लागल्यावर तोच सांधा शोधायचा म्हणजे तयार बाथरूम पुन्हा फोडायचं. म्हणून चार दिवसांच्या कामात टेस्टचा दिवस धरला आहे आणि पाचवं काम त्याच्या मागे लावलं आहे.

आठव्या कामाचंही तसंच. वॉटरप्रूफिंगचे दोन कोट एकावर एक, एक आडवा आणि एक उभा, भिंतीवर फूटभर चढवून दिले की डब्यावर लिहिलेल्या वेळेइतकं ते वाळू द्यायचे. मग जाळीचं तोंड बंद करून तळात पाणी साठवायचं, पातळीवर पेन्सिलने खूण करायची आणि दोन दिवस बघायचं. सोलापूरच्या कोरड्या हवेत पाणी उडूनही जातं, म्हणून शेजारी एक पाणी भरलेली बादली ठेवून तिच्यावरही खूण करा. बादलीतलं पाणी जेवढं उतरलं तेवढंच बाथरूममधलं उतरलं असेल तर कोट टिकला. जास्त उतरलं असेल तर गळती आहे, आणि टाइल्स थांबवायच्या.

दहाव्या आणि अकराव्या कामातली जोड वेगळ्या जातीची आहे. स्वयंपाकघराच्या टाइल्स लागल्या नाहीत म्हणून बाथरूमच्या अडत नाहीत. पण टाइल्सचा मिस्त्री एकच आहे आणि तो एका वेळी एकाच खोलीत बसणार. शीटला माणसं कळत नाहीत, त्यामुळे अशी जोड आपणच हाताने घालावी लागते. ती विसरली तर चार्टवर दोन पट्ट्या एकाच तारखेला सुखाने शेजारी दिसतात आणि त्या दिवशी एक खोली रिकामी राहते.

शीट मांडणे: पुढे जाणारा हिशेब

गूगल शीट्समध्ये कोरी शीट उघडा. कामं ११ व्या ओळीपासून लिहा, म्हणजे काम १ हे ओळ ११ वर, काम ५ हे ओळ १५ वर, काम १७ हे ओळ २७ वर येईल. कामाच्या क्रमांकात दहा मिळवले की ओळ सापडते, आणि सूत्रं लिहिताना होणारे निम्मे घोटाळे यानेच टळतात. वरच्या मोकळ्या ओळींत कारागिरांचे फोन नंबर आणि पाणी यायचे वार लिहून ठेवा. सुरुवातीची तारीख `B1` मध्ये टाका. आकडे इंग्रजी अंकांत टाइप करा, म्हणजे सूत्रांना अडचण येत नाही.

रकाने असे: `A` क्रमांक, `B` काम, `C` दिवस, `D` आधीची कामं (फक्त वाचायला), `E` सुरू होण्याचा दिवस, `F` संपण्याचा दिवस, `G` उशिरात उशिरा सुरू, `H` उशिरात उशिरा संपणं, `I` सवड, `J` प्रत्यक्ष संपलेला दिवस. या रकान्यांत तारीख येत नाही, दिवस क्रमांक येतो: कामाचा पहिला दिवस १, दुसरा २.

ज्या कामाच्या आधी काहीच नाही त्याच्या `E` मध्ये 1 लिहा. बाकीच्यांत, आधीच्या कामांपैकी जे सगळ्यात शेवटी संपतं त्याच्या दुसऱ्या दिवशी हे काम सुरू होतं. पाचवं काम तिसऱ्या आणि चौथ्याच्या मागे आहे, म्हणून:

```
E15:  =MAX(F13,F14)+1
F15:  =IF(J15="",E15+C15-1,J15)
```

`F` चं सूत्र सगळ्या ओळींना एकसारखं आहे, खाली ओढून घ्या. काम प्रत्यक्षात संपलं की `J` मध्ये तो दिवस लिहायचा, मग शीट अंदाज सोडून खरा दिवस धरते. `E` ची सूत्रं मात्र प्रत्येक ओळीला हाताने लिहावी लागतात, कारण जोड तिथे आहे. `D` मधल्या यादीकडे बघत एकेक लिहा. पंधरा सूत्रांचं काम आहे, घाई करू नका.

एकदा लिहून झालं की `F27` मध्ये 56 दिसायला हवं. २० जानेवारीपासून छप्पन्नावा दिवस म्हणजे १६ मार्च (लीप वर्ष असेल तर १५). वेगळा आकडा आला तर कुठेतरी जोड चुकली आहे. पडताळायला सोपं ठिकाण म्हणजे सहावं काम: ते १५ व्या दिवशी सुरू होऊन २१ व्या दिवशी संपायला हवं.

मागे येणारा हिशेब आणि सवड

आता उलट दिशेने जायचं. घर ५६ व्या दिवशी तयार हवं, तर प्रत्येक काम उशिरात उशिरा कधी संपलेलं चालेल? शेवटच्या कामापासून सुरुवात करा. ज्या कामावर पुढची अनेक कामं अवलंबून आहेत, त्याने त्यांपैकी ज्याला सगळ्यात आधी सुरू व्हायचं आहे त्याच्या आदल्या दिवशी संपायला हवं. गिलाव्याला पाणी मारण्याच्या मागे वॉटरप्रूफिंग, ओटा आणि गिलावा वाळणं अशी तीन कामं उभी आहेत, म्हणून:

```
H27:  =MAX(F11:F27)
H16:  =MIN(G17,G19,G23)-1
G16:  =H16-C16+1
I16:  =H16-F16
```

`G` आणि `I` खाली-वर ओढून घ्या. `H` पुन्हा हातानेच. नवख्या माणसाची चूक बहुतेक इथेच होते: `E` लिहिताना "माझ्या आधी कोण" हे बघायचं असतं, `H` लिहिताना "माझ्या मागे कोण" हे. एखाद्या कामाचा मागचा गडी लिहायचा राहिला तर त्या कामाला नसलेली सवड दिसते आणि चार्ट निवांत वाटायला लागतो. पडताळणी अशी: कोणत्याही ओळीत `I` शून्याच्या खाली येता कामा नये, आणि पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत शून्य सवडीची सलग साखळी मिळायलाच हवी.

पट्ट्या आणि लाल रंग

`K10` मध्ये 1 लिहा, `L10` मध्ये `=K10+1`, आणि ते `BX` पर्यंत ओढा. छप्पन्न दिवसांवर दहा दिवस जास्तीचे मिळतात, ते लागतातच. वरच्या ओळीत तारखा दिसाव्यात म्हणून `K9` मध्ये `=$B$1+K10-1` लिहून तेही ओढा. हे रकाने अरुंद करा.

मग `K11:BX27` हा भाग निवडून Format मधलं Conditional formatting उघडा, Custom formula is निवडा आणि तीन नियम याच क्रमाने घाला:

```
लाल:   =AND(K$10>=$E11,K$10<=$F11,$I11=0)
निळा:  =AND(K$10>=$E11,K$10<=$F11)
करडा:  =AND(K$10>$F11,K$10<=$H11)
```

क्रम बदलू नका. वरचा नियम लागू झाला की खालचा रंग चढत नाही, म्हणून लाल पहिला. `$` ची जागाही जशीच्या तशी हवी. ती चुकली की पट्ट्या तिरक्या पसरतात, आणि ते लगेच डोळ्यांत भरतं. निळ्या पट्टीच्या पुढे दिसणारी करडी शेपटी म्हणजे त्या कामाची सवड.

लाल पट्ट्या काय सांगतात

आता शीटकडे नीट बघा. लाल झालेली कामं ही: तोडफोड, झिऱ्या आणि वायरिंगच्या नळ्या, गिलावा, पाणी मारणे, गिलावा वाळणे, पुट्टी, रंग, स्विच-दिवे, सफाई. म्हणजे १, ३, ५, ६, १३, १४, १५, १६, १७. त्यांचे दिवस मिळवा: ५ + ५ + ४ + ७ + २१ + ६ + ५ + २ + १ = ५६.

बाथरूमचं एकही काम यात नाही. घरातल्या सगळ्यांचा जीव बाथरूममध्ये अडकलेला असतो, पण वॉटरप्रूफिंग, टेस्ट आणि टाइल्स या ओळीला तेरा दिवसांची सवड आहे. टाइल्स आणण्याला तर अठ्ठावीस दिवसांची. दुकानदार म्हणाला, "काकू, हा रंग संपलाय, दहा दिवसांनी गाडी येईल," तर बिनधास्त थांबा आणि मनासारख्या टाइल्स घ्या.

खरी लांबण गिलाव्याने आणली आहे. नव्या गिलाव्याला आधी पाणी हवं आणि नंतर तो वाळायला हवा. रंगाच्या कंपन्या नव्या गिलाव्यावर रंग देण्याआधी साधारण चार आठवडे थांबायला सांगतात, म्हणून सात दिवस पाण्याचे आणि एकवीस वाळायचे धरले आहेत. ओल्या भिंतीवर पुट्टी ओढली तर आतली ओल बाहेर येताना क्षार घेऊन येते, पांढरी पावडर सुटते आणि रंगाचे पापुद्रे निघतात. वायरिंगसाठी हॉलमध्ये आणि बेडरूममध्ये मारलेल्या झिऱ्यांच्या पट्ट्याही नवा गिलावाच आहेत. छप्पन्नपैकी अठ्ठावीस दिवस, म्हणजे बरोबर अर्धे, गिलाव्यासाठी नुसतं थांबण्यात जातात आणि ते लाल आहेत.

पाणी मारण्याची ओळ लाल आहे याचा सोलापुरात एक व्यावहारिक अर्थ आहे. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. दिवसातून दोन-तीनदा भिंत भिजवायला सात दिवस पुरेल एवढा साठा हवा, म्हणून चौदाव्या दिवसापर्यंत टाकी किंवा ड्रम भरलेले असले पाहिजेत. मधे पाण्याचा खंड पडला तर गिलाव्याला केसासारखे तडे जातात आणि हाताने घासला की वाळू सुटते. असा गिलावा काढून पुन्हा करायचा म्हणजे लाल साखळीत अकरा दिवसांची भर. उन्हाळ्यात काम काढणार असाल तर पाण्याचा हिशेब आणखी मोठा धरा, कारण एप्रिल-मे महिन्यांत भिंत तासाभरात कोरडी पडते.

दिवस लांबले की

चौथ्या कामाला, म्हणजे पाइपलाइनला, फक्त एका दिवसाची सवड आहे. ते लाल नाही, पण लालला लागूनच आहे. अशा ओळींवर लालइतकंच लक्ष ठेवायचं. समजा फरशी खणल्यावर जुनी खापरी ड्रेनेज लाइन फुटलेली निघाली आणि ती बदलण्यात तीन दिवस गेले. काम नवव्या दिवसाऐवजी बाराव्या दिवशी संपलं. `J14` मध्ये 12 लिहा.

गिलावा ११ व्या दिवसाऐवजी १३ व्या दिवशी सुरू होताना दिसेल, आणि शेवट ५८ वर जाईल. तीन दिवस उशीर झाला, त्यातला एक सवडीने पोटात घेतला, दोन घरावर आले. त्याच क्षणी पाइपलाइनची पट्टी लाल होते आणि वायरिंगची निळी, कारण आता वायरमनला दोन दिवसांची सवड मिळाली. क्रिटिकल पाथ असा जागा बदलतो. पहिल्या दिवशी काढलेला प्रिंट भिंतीवर लावून त्यावरच महिनाभर चालणाऱ्या घरात हे कळत नाही. रोज संध्याकाळी `J` भरा, आणि लाल रंग हलला असेल तर ज्याची ओळ लाल झाली त्या कारागिराला त्याच रात्री फोन करा.

नऊ दिवस वाचवणं

लवकर राहायला यायचं असेल तर जास्त माणसं लावायची, हा पहिला विचार मनात येतो. रंगाऱ्याने दोन पोरं वाढवली तर दोन-तीन दिवस वाचतील, बाथरूममध्ये माणसं वाढवून एकही नाही, कारण तिथे लाल काहीच नाही. वाळायच्या एकवीस दिवसांना माणसं लावता येत नाहीत. ते दिवस कमी होत नसतील तर ते लवकर सुरू करता येतील का, हे बघायचं.

तिसऱ्या कामाला पुन्हा तोच प्रश्न विचारा. तोडफोड संपायच्या आधी वायरमन आला तर काय बिघडेल? स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये बिघडेल. हॉल आणि बेडरूममध्ये काहीच बिघडणार नाही, तिथे तोडफोडच नाही. "तोडफोड झाल्यावर वायरमन" ही जोड अर्ध्या घरासाठी खोटी होती.

म्हणून कामं दोन भागांत तोडा. खोल्यांतल्या झिऱ्या तीन दिवस, पहिल्याच दिवसापासून. त्या बुजवायला दोन दिवस, मग सात दिवस पाणी: बारावा दिवस. एकवीस दिवस वाळणं: तेहतिसावा. खोल्यांची पुट्टी-प्रायमर चार दिवस, रंग तीन दिवस: चाळिसावा. दुसरीकडे तोडफोड पाचव्या दिवशी संपली की स्वयंपाकघर-बाथरूमच्या झिऱ्या दोन दिवस, पाइपलाइन नवव्या दिवसापर्यंत, गिलावा दोन दिवस, पाणी सात दिवस, म्हणजे अठराव्या दिवसापर्यंत. तिथली भिंत एकोणचाळिसाव्या दिवशी वाळते. रंगारी खोल्या आटोपून एक्केचाळिसाव्या दिवशी तिथे जातो, दोन दिवस पुट्टी, दोन दिवस रंग, मग दोन दिवस स्विच-दिवे आणि एक दिवस सफाई. शेवट ४७ वा दिवस. एकही माणूस न वाढवता नऊ दिवस वाचले, आणि ताबा ७ मार्चला आला (लीप वर्षात ६).

याची किंमतही शीटवर दिसते, ती बघितल्याशिवाय हा बदल करू नका. खोल्यांत रंग सुरू होण्याआधी बाथरूमच्या टाइल्स कापून झाल्या पाहिजेत, नाहीतर कटरची धूळ ओल्या रंगावर बसते. ती अट धरली तर बाथरूमची सवड तेरावरून पाच दिवसांवर येते. स्वयंपाकघराच्या साखळीला तर एकच दिवस उरतो. म्हणजे पाण्याच्या टेस्टमध्ये गळती निघून वॉटरप्रूफिंग पुन्हा करावं लागलं तर घर आता नक्की लांबणार, आधीच्या बेतात ते पोटात गेलं असतं. पाडवा जवळ असेल तर हा धोका घ्या. हाताशी वेळ असेल तर छप्पन्न दिवसांचाच बेत बरा.

शिवाय पहिल्या पाच दिवसांत बिगाऱ्यांच्या जोडीला आधी वायरमन आणि मग गवंडी घरात असतील. हॉलमधून राडारोड्याच्या पाट्या जाणार आणि तिथेच वायरमनचा घोडा उभा, असं होऊ नये. बिगाऱ्यांना मागच्या दाराने काढता येत असेल तरच हा बेत जमतो. बोळातल्या एकाच दाराच्या घरात मी तोडफोडीच्या पहिल्या तीन दिवसांत फक्त बेडरूमच्या झिऱ्या घेतो आणि हॉल नंतर.

एकवीस हा आकडा शेवटी अंदाजच आहे. जानेवारी-फेब्रुवारीच्या आपल्या कोरड्या हवेत पातळ पट्टी लवकर वाळू शकते, तर उत्तरेकडच्या बंद भिंतीला जास्त दिवस लागू शकतात. म्हणून पुट्टी सुरू करायच्या तीन-चार दिवस आधी फूटभर पारदर्शक प्लॅस्टिक घ्या, नव्या गिलाव्यावर ठेवून चारही कडा टेपने हवाबंद करा आणि दुसऱ्या दिवशी उघडा. प्लॅस्टिकच्या आतून दवासारखे थेंब धरले असतील किंवा खालची भिंत भोवतीपेक्षा गडद दिसत असेल तर ओल शिल्लक आहे. वाळण्याच्या ओळीचे `C` मधले दिवस चारने वाढवा आणि रंगाऱ्याला नवी तारीख कळवा. प्लॅस्टिक कोरडं निघालं तर घरातल्या निदान तीन-चार ठिकाणी, त्यातही बाथरूमला लागून असलेल्या हॉलच्या भिंतीवर, हेच करून बघा. सगळीकडे कोरडं असेल तर `J` मध्ये त्या दिवसाचा क्रमांक लिहा, आणि पुट्टीपासून सफाईपर्यंतच्या पट्ट्या आपोआप डावीकडे सरकतील.